रस्त्यापासून शंभर आर

नांदूरघाटच्या आसपासच्या दहा-बारा गावांत राधाकिशन मोहनराव यांना बोलावल्याशिवाय भावाभावांची वाटणी होत नसे. ते ना तलाठी होते ना वकील. शिक्षण सातवीपर्यंत, चार एकर मुरमाड जमीन आणि खुंटीला अडकवलेली एक सुंभाची दोरी, तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. तहसील कार्यालयात आमच्याकडे वाटणीचे अर्ज येत, त्यातल्या बऱ्याच अर्जांखाली पंच म्हणून त्यांची सही असायची. सही स्वच्छ, एकेक अक्षर सुटे, खाली न चुकता तारीख. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कागद नीट असला की मला बरे वाटते. त्यामुळे माणसाच्या आधी त्यांची सही माझ्या ओळखीची झाली.

त्यांची पद्धत सोपी होती. थोरल्याने कापायचे, धाकट्याने उचलायचे. शेताचे तुकडे थोरला भाऊ पाडणार, पण पहिली निवड सगळ्यांत धाकट्याची, मग त्याच्या वरच्याची, आणि थोरल्याला जे उरेल ते. शेवटचा तुकडा आपल्याच गळ्यात येणार हे माहीत असल्याने थोरला वाकडे कापत नाही. त्याला जोडून आणखी एक नियम होता आणि तो ते फार कडकपणे पाळत. निवडणारा निवडत असताना कोणी बोलायचे नाही. त्याने विचारले तरी सांगायचे नाही.

"पाळी त्याची हाय," ते म्हणत. "आपण तोंड उघडलं की ती पाळी आपली झाली."

एकदा मी त्यांना विचारले होते, "आणि बहिणी?"

तेव्हा ते हसले होते. "बहिणीला दिवाळीला लुगडं, भाऊसाहेब. तिचं कशाला मोजायचं?"

महसूल खात्यात कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. मी पुढे अव्वल कारकून झालो, तरी त्यांच्यासाठी भाऊसाहेबच राहिलो.

त्यांच्या स्वतःच्या घरची वाटणी १९९१ साली झाली. वडील मोहनराव, आई जानकीबाई, थोरले राधाकिशन, मग वत्सलाबाई, मग भारत आणि शेंडेफळ सारजाबाई. दोन्ही बहिणींची लग्ने झालेली होती. भारतचे लग्न नुकतेच झाले होते आणि त्याला वेगळे व्हायचे होते. जमिनीचे चार गट होते. एक नदीकाठचा काळ्या मातीचा, एक मध्यम, एक मुरमाड, तिन्ही चार-चार एकरांचे. आणि चौथा गट नंबर दोनशे चौदा. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत गेलेली लांबच लांब पट्टी, दोन हेक्टर चाळीस आर, म्हणजे दोनशे चाळीस आर, सहा एकरांच्या आसपास.

या चौथ्या गटावर तेव्हा पाझर तलावाची टांगती तलवार होती. जमीन जाणार अशी नोटीस आलेली. जाणारी जमीन वाटायची कशी, म्हणून ती तशीच ठेवायची ठरली. उरलेले तीन गट तिघांत. राधाकिशननी आपल्या नियमाप्रमाणे भारतला आधी उचलायला लावले. त्याने नदीकाठ उचलला. वडिलांनी मध्यम ठेवला. राधाकिशनकडे मुरूम आला.

वडिलांना ते लागले. पंचांसमोर ते म्हणाले, "राधा, तुझं कमी पडलं ते दोनशे चौदात भरून काढू. तलाव झाला तर पैसा तुझा, न्हाई झाला तर रान तुझं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भारतनेही डोलावली. कागदावर यातले काहीच आले नाही.

कागदावर काय आले ते मी पुढे स्वतः वाचले. वाटणीपत्र रीतसर नोंदवलेले आहे. मजकूर लिहिणाऱ्याने त्या वेळी विचारले होते, "दोनशे चौदाचे तिघांचे तीन हिस्से लिहून टाकू का? जागेवर वाटप नंतर करा." प्रश्न शहाणा होता. राधाकिशनच घाईने म्हणाले, "न्हाई न्हाई. हिस्सा लिवला की भारत इकून मोकळा होईल. एकत्रच राहू द्या." म्हणून लिहिले गेले की सदर गट एकत्र कुटुंबाची मिळकत म्हणून कायम ठेवला असून तो वाटणीतून वगळला आहे, आणि त्याची वाटणी पुढे कायद्याने येणाऱ्या हिश्श्याप्रमाणे करावी. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे होती, तशीच राहिली. एकत्र कुटुंब मॅनेजर. आमच्या भागात ही अक्षरे इतक्या सातबाऱ्यांवर आहेत की लोक त्यांना नावाचाच भाग समजतात.

पुढे पाझर तलाव दोन गावे सोडून झाला. दोनशे चौदा वाचला.

राधाकिशन आणि त्यांच्या पत्नी बायनाबाई तो कसू लागले. वडिलांचा शब्द होता, भारतने हरकत घेतली नाही. १९९६ ला दोघांनी त्यात विहीर पाडली, सात परस खोल. खालून बायनाबाई टोपली भरून द्यायच्या, वरून राधाकिशन ओढायचे. पाचव्या परसाला काळा पाषाण लागला तेव्हा सुरुंगवाला आणला, त्याचे पैसे बायनाबाईंच्या पाटल्यांतून दिले. २००३ साली रस्त्याकडच्या बाजूला सीताफळाची एकशे तीस झाडे लावली. पहिली तीन वर्षे घागरीने पाणी. विहीर तिथून लांब, पट्टीच्या मध्याच्या थोडी अलीकडे. पुढे पाइप आला.

वडील २०११ ला गेले. त्यांच्या मध्यम चार एकरांचा प्रश्न नव्हता, जानकीबाईंच्या पहिल्या दुखण्यात ते विकले गेले होते. दोनशे चौदाला वारस नोंद झाली. आई, दोन मुलगे, दोन मुली अशी पाच नावे चढली. २०१९ ला आई गेली, नावे चार राहिली. कोणाच्या नावापुढे किती, ते कुठेच लिहिलेले नव्हते.

आईच्या वर्षश्राद्धाच्या आधी सारजाबाई भावाकडे आली. ती आणि तिचा नवरा वीस-बावीस वर्षे ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की कोयता, पाडव्याला परत. गाडी भरताना नवऱ्याच्या पाठीचा मणका गेला आणि ते बंद झाले. तिला घरकुल मंजूर झाले होते, पण स्वतःच्या नावची जागा दाखवायची होती.

"दादा, दोन गुंठे दे. रस्त्याला नको, कुठंबी चालंल."

"घे की," राधाकिशन म्हणाले. "कोन न्हाई म्हणतंय?"

पण सामाईक सातबाऱ्यातले दोन गुंठे एकट्या राधाकिशनच्या देण्याने तिचे होत नाहीत. चौघांच्या सह्या लागतात. भारत म्हणाला, "आज दोन गुंठे, उद्या दोन एकर. त्यापरीस दोघी बहिणींनी हक्कसोड लिहून द्यावी, मी सारजीला जागेपुरते पैसे देतो." सारजाबाई वर्षभर दोन्ही भावांच्या दारी फिरली. राधाकिशन प्रत्येक वेळी चहा पाजत आणि म्हणत, भारतला समजावतो. मग तिने दावा लावला. वाटणी करून माझा हिस्सा वेगळा द्या, एवढीच मागणी. कायद्याने तिन्ही भावंडांना प्रतिवादी करावे लागले. समन्स आले तेव्हा राधाकिशन माझ्याकडे आले. त्यांच्या नावापुढे प्रतिवादी नंबर एक लिहिले होते. त्यावर ते बराच वेळ बोट ठेवून बसले.

"बहिणीनं मला नंबर एक केलं, भाऊसाहेब."

"थोरले आहात म्हणून. त्यात काही नाही."

"व्हय," ते म्हणाले. "थोरला हाय."

त्या दिवशी त्यांनी मला प्रथम विचारले की माझे किती येतात ते काढून द्या. मग निकालापर्यंत आणि निकालानंतरही किती वेळा विचारले याची मोजदाद नाही. मी दर वेळी नवा कागद घेत असे.

सगळ्यात आधी त्यांच्या मनातला हिशेब. वडिलांनी शब्द दिला, भारतला नदीकाठ मिळाला, म्हणून दोनशे चौदा सगळा माझा. हा मला पहिल्याच दिवशी खोडावा लागला. नोंदवलेल्या वाटणीपत्रात जे नाही ते तोंडी सांगून त्यात घालता येत नाही. आणि जे तीन गट वाटून झाले त्यांचा विषय संपला. कोणाला काळी मिळाली, कोणाला मुरूम, हे राजीखुशीने झाले होते. ते उरलेल्या गटात वळते करून घेता येत नाही. बहिणींनाही त्या तीन गटांत काही मागता येत नव्हते, कारण २००४ च्या डिसेंबरपूर्वीची नोंदलेली वाटणी मुलींना हिस्सा देणाऱ्या नव्या कायद्याने मोडत नाही.

"म्हणजे त्याचा नदीकाठ त्याला पचला."

"पचला."

"आन् माझा मुरूम मला."

मग त्यांच्या वकिलांचा हिशेब. तो वाईट नव्हता. वकील म्हणाले, १९९१ लाच बापलेक विभक्त झाले. वाटून टाकलेल्या जमिनीतच नाही, एकूणच विभक्त झाले. तेव्हा वाटेकरी तीन होते, आईने वाटा घेतला नाही, म्हणून न वाटलेल्या गटातही त्याच दिवशी तिघांचा एकेक तृतीयांश ठरला. दोनशे चाळीस आरांत प्रत्येकी ऐंशी. वडील वारले तेव्हा बहिणींना मिळणार ते फक्त वडिलांच्या ऐंशीतले. आई आणि चार मुले, पाच वारस, प्रत्येकी सोळा. आई वारल्यावर तिचे सोळा चौघांत, प्रत्येकी चार. राधाकिशनचे ऐंशी, अधिक सोळा, अधिक चार, म्हणजे शंभर आर. भारतचे शंभर. बहिणींचे वीस-वीस. बेरीज दोनशे चाळीस.

हा आकडा ऐकला तेव्हा त्यांनी डोळे मिटून काहीतरी मोजले. मग म्हणाले, "रस्त्यापासून शंभर आर धरले की हीर आत येती. नव्वदाला हाय. मी दोरीनं मोजलीय."

म्हणजे झाडे आणि विहीर दोन्ही एका तुकड्यात. संपूर्ण गट जाऊ द्या, शंभर आर रस्त्याकडून मिळाले तर त्यांचे पंचवीस वर्षांचे काम त्यांच्याकडे राहत होते. त्यानंतर ते दुसरे काही मागत नव्हते. कचेरीच्या पायरीवर भेटले तरी 'शंभर आर' एवढेच बोलत.

सारजाबाईच्या वकिलांचा हिशेब वेगळा होता. ते म्हणाले, वाटणी अर्धवट असेल तर जेवढे वाटले तेवढ्यापुरतेच कुटुंब विभक्त होते. जे वाटले नाही त्यात ते एकत्रच राहू शकते, आणि इथे तर तसे लिहूनच ठेवले आहे. मग २००५ ला कायदा बदलला तेव्हा दोनशे चौदा एकत्र कुटुंबाचाच होता. मुली जन्माने मुलांइतक्याच हिस्सेदार झाल्या, लग्न झालेल्या असोत वा नसोत. वडील वारले त्या क्षणी वाटणी झाली असती तर वाटेकरी कोण? वडील, आई, चार मुले. सहा. प्रत्येकी चाळीस आर. वडिलांचे चाळीस पाच वारसांत, आठ-आठ. प्रत्येकाचे अठ्ठेचाळीस झाले. आईचे अठ्ठेचाळीस चौघांत, बारा-बारा. प्रत्येकी साठ.

शंभर की साठ, एवढाच दावा उरला. आणि तो कशावर ठरणार होता, तर १९९१ ला कुटुंबाने दोनशे चौदाविषयी काय ठरवले होते, यावर.

न्यायालयात वाटणीपत्राचा तो परिच्छेद वाचला गेला. राधाकिशनच्या वकिलांनी त्यांना आधी बजावले होते की विचारल्याशिवाय बोलू नका. उलटतपासणीत सारजाबाईच्या वकिलांनी साधा प्रश्न विचारला. हिस्से लिहून टाकायची सूचना आली होती का? ती कोणी नाकारली?

नाही म्हणता आले असते. पंचांपैकी कोणी जिवंत नव्हते, मजकूर लिहिणाराही नव्हता, आणि भारतचाही फायदा शंभरातच होता. राधाकिशननी सांगितले, "मीच म्हणलो, हिस्से लिवू नका, एकत्रच ठिवा."

वकिलांनी बाहेर आल्यावर कपाळाला हात लावला. "अण्णा, कावून सांगितलं? कुणी विचारायला तरी होतं का?"

"त्यांनीच तर इचारलं," राधाकिशन म्हणाले.

निकाल साठचा लागला. तीन गटांच्या वाटणीला हात लावला नाही. दोनशे चौदात चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश जाहीर केला. पुढे लिहिले होते की प्रत्यक्ष वाटप करताना ज्याने जमिनीत सुधारणा केली आहे त्याला शक्यतो तो भाग द्यावा. शेतजमीन म्हणून हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडून वाटपासाठी आमच्या तहसीलला आला, आणि फाईल माझ्या टेबलावर आली. वकिलांनी अपील सुचवले होते. राधाकिशननी केले नाही. अपिलात बहिणीविरुद्ध आपण होऊन सही करावी लागणार होती.

वाटपाच्या आठ दिवस आधी मी त्यांना बोलावून घेतले.

"ऐका. साठच आर आहेत, त्यामुळे झाडे आणि विहीर दोन्ही येणार नाहीत. पण एक नक्की मिळेल. हुकूमनाम्यात सोय आहे. दोन ओळींचा अर्ज द्या, रस्त्याकडचा भाग किंवा विहिरीचा भाग मला मिळावा. कोणता ते ठरवा."

"झाडं घेतली तर पाणी न्हाई. पाणी घेतलं तर झाडं न्हाईत."

"हो. पण काहीच नाही त्यापेक्षा बरे."

मी अर्ज स्वतःच लिहून दिला. भागाच्या ठिकाणी जागा मोकळी ठेवली. त्यांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला. खरे तर माझ्यासारख्याने हे करू नये. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कोणाचा अर्ज लिहून दिलेला नाही.

वाटपाला मंडळ अधिकारी, भूमापक आणि मी गेलो. एप्रिल महिना होता. भारत आधीच येऊन बांधावर उभा होता, पांढरी टोपी, हातात मोबाइल. सारजाबाई नवऱ्याला घरी ठेवून एकटी आली होती. वत्सलाबाई आष्टीकडे दिलेल्या, त्यांना दिसायचे कमी झाले होते. त्यांच्या वतीने मुलगा सत्यम मुखत्यारपत्र घेऊन आला होता. बायनाबाई झाडांत उभ्या होत्या, पुढे आल्या नाहीत.

भूमापकाने यंत्र लावले. राधाकिशननी खांद्यावरची दोरी काढली.

"अण्णा, आता दोरी कशाला?" भूमापक म्हणाला. "उपग्रहावरून मोजतंय हे."

"मोजू द्या त्याला. मी बी मोजतो."

दोघांचे जमले. शेवटच्या खुंटीला वीतभर फरक पडला आणि भूमापकाने तो दोरीच्या बाजूने घेतला. आडवे चार तुकडे पडले, साठ-साठ आरांचे, पूर्वेच्या बांधाने सगळ्यांना वाट ठेवून. एक नंबर रस्त्याचा, सीताफळांचा. दोन नंबर विहिरीचा. तीन नंबर खडकाळ, त्यात चाळीस वर्षांत कोणी नांगर खोल घातला नव्हता. चार नंबर ओढ्याकाठचा, गाळाचा.

"आता कोणाला कोणता?" मंडळ अधिकारी म्हणाले. "एकमत असेल तर सांगा. नाहीतर चिठ्ठ्या टाकू."

"चिठ्ठ्या कशाला?" भारत म्हणाला. "दादाची रीत हाय की. थोरल्यानं कापलं, आता धाकट्यानं उचलायचं. सगळ्या तालुक्याला हीच शिकवली त्यानं."

मी राधाकिशनकडे पाहिले. त्यांचा हात खिशावर होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "त्याआधी कोणाचा काही अर्ज असेल तर घेतला जाईल. हुकूमनाम्यात तशी तरतूद आहे."

मंडळ अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. मी पुन्हा विचारले. राधाकिशन दोरी गुंडाळत होते, एकेक गाठ तपासत.

"रीतीनं होऊ द्या," ते म्हणाले.

सारजाबाई सगळ्यात धाकटी. ती पुढे आली आणि भावाकडे वळली.

"दादा, मला घरापुरतंच पायजे होतं. तू सांग, मी कोनतं घेऊ? तुला काय ठिवू?"

राधाकिशन जमिनीकडे पाहत होते.

"दादा, बोल की."

"पाळी तुझी हाय," ते म्हणाले.

तिने वर झाडांकडे पाहिले, मग विहिरीकडे. मग सावकाश म्हणाली, "चार नंबर. वढ्याचा."

तिचा हिशेब मला तेव्हाच कळला. झाडे आणि विहीर दोन्ही तिने सोडली होती. भारतने एक उचलले तरी दुसरे थोरल्या भावाला राहील.

तिच्या वरचा भारत. त्याला वेळ लागला नाही. "एक नंबर."

"भारत," झाडांतून बायनाबाईंचा आवाज आला. एवढाच.

"वहिनी, रस्त्याला रान कोन सोडतं? तुमी सोडलं असतं का?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आन् रीत माझी न्हाई."

मग वत्सलाबाईंची पाळी. सत्यमने आईला फोन लावला. त्या काय म्हणाल्या ते ऐकू आले नाही. तो दोनदा "बरं, बरं" म्हणाला, मग फोन हाताने झाकून मामाकडे आला.

"मामा, आई म्हणती तुमाला इचारून घे. तुमी सांगा, तीन घेतो मी."

हीच शेवटची संधी होती. एक शब्द पुरेसा होता. मी मनात तो शब्द म्हणालो, दोन, नुसते दोन म्हणा.

"तुझ्या आईची पाळी हाय, बाळा," राधाकिशन म्हणाले. "मला इचारू नको."

सत्यम घुटमळला. त्याला मामा परवानगी देतोय की रागावलाय हे कळेना. त्याने पुन्हा फोन कानाला लावला, मग भारतकडे पाहिले. भारतने खांदे उडवले.

"मग दोन," सत्यम म्हणाला.

तीन नंबर उरला.

मी चौघांचे जबाब लिहून घेतले. वाटप राजीखुशीने, कोणाची हरकत नाही. राधाकिशनपुढे कागद ठेवताना मी तिसऱ्यांदा विचारले, "हरकत नाही ना?" कोणी घेतलीच नाही ती हरकत मला लिहिता येत नाही. त्यांनी नेहमीसारखी सही केली, एकेक अक्षर सुटे, खाली तारीख.

दादाच्या वाट्याला खडक आला हे सारजाबाईला उशिरा कळले. ती भावासमोर येऊन उभी राहिली. "दोन तुकडे सोडले व्हते तुला. दोन. तू बोलला का न्हाईस?"

"तुझी पाळी व्हती."

"मरू दे ती पाळी. माझं चार तू घे, मी खडकावर घर बांधते. घराला काय गाळ लागतो?"

"उचललेलं परत ठिवायचं नसतं, सारजे. समदे तसंच करायला लागतील."

"कोन समदे? इथं चौघंच हायत."

त्यांनी गुंडाळलेली दोरी खांद्यावर टाकली. तिने पदराने तोंड पुसले आणि ओढ्याच्या बाजूला निघून गेली. बायनाबाई तेवढ्यात विहिरीवरून भरलेली घागर घेऊन आल्या. कोपऱ्यातल्या एका झाडाच्या आळ्यात त्यांनी ती ओतली. भारतने पाहिले. पाणी वत्सलाबाईंचे होते, झाड भारतचे होते.

जाता जाता बायनाबाई मला म्हणाल्या, "तुमी शिकलेले हायत, भाऊसाहेब. ह्यांना सांगायचं न्हाई का, आपल्या घरात पंच नसायचं?"

मी सांगितले होते असे म्हणालो नाही. दोन ओळींचा अर्ज लिहून दिला होता, पण ते सांगणे नव्हते.

महिन्याभराने फेरफार मंजूर झाला. दोनशे चौदाचे चार पोटहिस्से पडले. ए.कु.मॅ. ही अक्षरे वडिलांबरोबरच गेली होती, आता एकत्र सातबाराही गेला. सारजाबाईच्या घरकुलाचा पाया ओढ्याकडे भरला गेला. रस्त्याकडची सीताफळे त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून राहिली. भारतला जागा हवी होती, झाडे नव्हेत. सत्यमने विहिरीचे पाणी ठरवून विकायला काढले, राधाकिशनलाही तोच दर. ते घेत नाहीत.

परवा ते कचेरीत आले. मी या मे महिन्यात निवृत्त होतो आहे, कपाट आवरत होतो. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे तुमचं राहिलं व्हतं."

अर्ज तसाच होता. भागाची जागा मोकळी. घड्यांवर घामाचे डाग. मी तो घेतला आणि काय करावे न कळून फाईलीत लावला. फाईल बंद झालेली होती, तरी लावला.

ते उठले नाहीत.

"भाऊसाहेब, एकदा परत काढता का? तुमी हायत तवर."

मी कोरा कागद घेतला. दोनशे चाळीस. वाटेकरी सहा, प्रत्येकी चाळीस. वडिलांचे चाळीस पाचांत, आठ. अठ्ठेचाळीस. आईचे अठ्ठेचाळीस चौघांत, बारा. ते माझ्या पेनाकडे पाहत होते, ओठांनी आकडे म्हणत. अठ्ठेचाळीस आणि बारा.

"साठ," मी म्हणालो.

"साठच," ते म्हणाले, आणि कागद मागून घेतला.